दोघांनी लिहिलं, एकाचं हरवलं

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस गूगल डॉक्समध्ये तयार होते आहे. सचिव कोकण रेल्वेने रत्नागिरीला निघाल्या आहेत. वाटेतल्या बोगद्यांत रेंज जाते, म्हणून त्यांनी ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवली आहे. लॅपटॉपवर त्या गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च १,८०,००० खोडून २,४०,००० लिहितात आणि सभेची वेळ सकाळी १० ऐवजी ११ करतात. त्याच वेळी खजिनदार घरी बसून तीच नोटीस सुधारताहेत. तेही १० खोडतात, पण ९ लिहितात. शिवाय दुरुस्तीचा परिच्छेद कापून नोटिशीच्या शेवटी चिकटवतात.

संध्याकाळी लॅपटॉपला इंटरनेट मिळतं आणि दोघांचे बदल एकत्र होतात. कुठलीही चूक झाल्याची सूचना येत नाही. पण नोटिशीत सभेची वेळ ‘सकाळी ११९ वाजता’ अशी दिसू शकते आणि खर्च मात्र जुनाच, १,८०,००० राहतो.

हे घडतं कारण सर्व्हरपर्यंत अख्खं पान जात नाही. ‘अमुक जागचं अक्षर खोडा’, ‘तमुक जागी हे अक्षर घाला’ अशा बारीक सूचना जातात. सचिवांची सूचना पोहोचेपर्यंत खजिनदारांच्या बदलांमुळे अक्षरांच्या जागा सरकलेल्या असतात, म्हणून त्या सूचनेतली जागा नव्याने मोजून मगच ती लागू केली जाते. या पद्धतीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये ती मांडली.

दोघांनीही १० खोडला, तो एकदाच गेला. दोघांनी घातलेले आकडे मात्र टिकले आणि शेजारीशेजारी बसले. सभेची वेळ एकच असते, हे या गणिताला कळत नाही.

खर्चाची गोष्ट याहून अवघड आहे. परिच्छेद हलवणं म्हणजे जुन्या जागी तो खोडणं आणि नव्या जागी तोच मजकूर पुन्हा घालणं. खजिनदारांनी चिकटवलेल्या प्रतीत जुनाच आकडा होता. सचिवांचा बदल जुन्या परिच्छेदाला बांधलेला, आणि तो परिच्छेद तर गेलेला. त्यामुळे २,४०,००० हा आकडा जुन्या जागी एकटाच, मागेपुढे वाक्य नसलेला, उरू शकतो. खजिनदारांना तो टायपिंगची चूक वाटतो आणि ते सहज तो पुसून टाकतात. बदल हरवला तो या क्षणी, माणसाच्या हातून.

प्रोग्रामर वापरतात ती गिट ही प्रणाली अशा वेळी थांबते. एकाच ओळीत दोन वेगळे बदल दिसले, की ती दोन्ही मजकूर खुणा करून समोर ठेवते आणि निवड माणसावर सोडते. यालाच मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात. गूगल डॉक्स लिहिणाऱ्याला असं अडवत नाही. म्हणून लांबच्या ऑफलाइन कामानंतर सगळा मजकूर एकदा वाचावाच लागतो. चिकटलेले आकडे, दोनदा आलेले शब्द आणि ओळीत एकटे पडलेले तुकडे, या विलीनीकरण फसल्याच्या खुणा.

सचिवांचा आकडा परत मिळवायला File मेन्यूतल्या Version history मधून See version history उघडावं. त्यासाठी फाइल संपादित करण्याचा अधिकार लागतो. उजवीकडे तारीख-वेळेनुसार आवृत्त्या दिसतात, त्यांखाली बदल करणाऱ्यांची नावं असतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. एखाद्या आवृत्तीशेजारचा बाण दाबला, की तिच्यातले लहान टप्पे उलगडतात. २,४०,००० अजून पुसला गेला नव्हता, असा टप्पा तिथे शोधायचा.

इथे Restore this version दाबण्याची घाई नको. त्याने अख्खी नोटीस त्या क्षणाला परत जाते आणि नंतर इतरांनी केलेलं कामही चालू प्रतीतून निघून जातं. ते इतिहासात शाबूत राहतं, पण पुन्हा जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा जुन्या आवृत्तीतून हवा तेवढा मजकूर कॉपी करून आजच्या प्रतीत घालावा. बदल बरेच असतील, तर त्या आवृत्तीची वेगळी प्रत काढून शेजारी ठेवावी.

या इतिहासाला एक मर्यादा आहे. सर्व्हरवर जे पोहोचलं, तेवढंच त्याला माहीत असतं. ऑफलाइन केलेले बदल तोपर्यंत त्या एकाच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये साठलेले असतात. मधेच कुणी ब्राउझरचा साठवलेला डेटा पुसला किंवा लॅपटॉप बिघडला, तर ते कुठल्याच आवृत्तीत सापडणार नाहीत. फाइलच्या नावाजवळ Saved to this device दिसत असेल, तर बदल अजून यंत्रातच आहेत. त्यामुळे रत्नागिरीला पोहोचल्यावर सचिवांनी तीच फाइल त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये उघडायची, इंटरनेट जोडायचं आणि Saved to Drive दिसेपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नाही. मग खजिनदारांना फोन करून सभेची वेळ ९ ची की ११ ची, हे ठरवायचं.