तीन नियम आणि त्यांच्या पोटातला एकच प्रश्न

बँकेत रोख 5,000 रुपये भरले की मोबाइलवर लगेच संदेश येतो: आपल्या खात्यात 5,000 रुपये जमा. अकरावीच्या पुस्तपालनाच्या तासाला मात्र हाच व्यवहार फळ्यावर वेगळाच उतरतो: बँक खाते नावे, रोख खाते जमा. नव्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ इथेच उडतो. बँक म्हणते जमा, वही म्हणते नावे. मग खरे कोणाचे?

दोघांचेही खरे आहे, कारण वह्या दोन आहेत. संदेश बँकेच्या वहीतून आला. त्या वहीत पैसे देणारे तुम्ही, म्हणून तुमचे खाते जमा. फळ्यावरची नोंद तुमच्या वहीतली, आणि तिथे पैसे घेणारी बँक, म्हणून बँकेचे खाते नावे. घेणाऱ्याला नावे, देणाऱ्याला जमा हा नियम दोन्हीकडे तोच आहे. म्हणून कोणतीही नोंद करण्याआधी विचारायचे: वही कोणाची?

आता पाठ्यपुस्तकातले तीन नियम घेऊ. व्यक्तिगत खाते: लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे जमा. वास्तव खाते: जे येते ते नावे, जे जाते ते जमा. नामधारी खाते: खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफा जमा. पाठ करताना हे तीन वेगळे कायदे वाटतात. पण एका छोट्या दुकानाचा पहिला महिना वहीत मांडला, की ते एकमेकांत कसे गुंफलेले आहेत ते दिसू लागते.

कॉलेजजवळ एका बाईंनी 1 एप्रिलला झेरॉक्सचे दुकान काढले आणि स्वतःचे 1,50,000 रुपये रोख घातले. वही दुकानाची आहे, बाईंची नव्हे. हिशोबापुरत्या त्या दुकानासाठी परक्याच. रोख दुकानात आली, म्हणून रोख खाते नावे. देणाऱ्या बाई, म्हणून त्यांचे भांडवल खाते जमा. भांडवल हे मालकाचे व्यक्तिगत खाते आहे. दुकान त्यांचे तेवढे देणे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

मग 90,000 रुपयांचे मशीन उधारीवर घेतले. मशीन आले: मशीन खाते नावे. विक्रेत्याने दिले: त्याचे खाते जमा. पुढे विक्रेत्याला 40,000 रुपये रोख दिले. आता घेणारा तो, म्हणून त्याचे खाते नावे. रोख गेली, म्हणून रोख खाते जमा. त्याचे उरले 50,000. यातली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. वास्तव खात्याचा नियम आणि व्यक्तिगत खात्याचा नियम एकाच नोंदीत समोरासमोर आले, आणि एक नावे, एक जमा अशी जोडी आपोआप लागली. हा योगायोग नाही. गल्ला म्हणजे रोख सांभाळणारा माणूस आहे असे क्षणभर समजा. रोख आली तेव्हा त्याने घेतली, म्हणून नावे. गेली तेव्हा त्याने दिली, म्हणून जमा. वास्तव खात्याचा नियम म्हणजे व्यक्तिगत खात्याचाच नियम, फक्त माणसाऐवजी वस्तूला लावलेला.

हा विचार फार जुना आहे. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सांगितली, आणि नमुन्याची पहिली नोंद घेतली ती रोख नावे, भांडवल जमा हीच. शिवाय एक कसोटीही दिली: रोख खात्याची शिल्लक कधी जमा बाजूला निघू नये, निघाली तर वहीत चूक आहे. कारण उघड आहे. जी रोख आलीच नाही ती जाणार कशी? ही कसोटी आजच्या रोखवहीलाही तशीच लागते.

खरे कोडे नामधारी खात्याचे. एप्रिलमध्ये झेरॉक्सचे 15,000 रुपये रोख मिळाले: रोख खाते नावे, झेरॉक्स उत्पन्न खाते जमा. महिन्याचे भाडे 4,000 रुपये, पण ते अजून दिलेले नाही. तरीही जागा महिनाभर वापरली, म्हणून खर्च झालाच: भाडे खाते नावे, अदत्त भाडे खाते जमा. दोन्ही नावांत भाडे आहे, आणि नवखा विद्यार्थी इथेच दोन्ही खात्यांना नामधारी समजून बसतो. भाडे हा खर्च, म्हणून नामधारी. अदत्त भाडे म्हणजे ज्याचे 4,000 देणे आहे तो घरमालक. ते त्याचे प्रातिनिधिक व्यक्तिगत खाते. लाभ त्याने दिला, म्हणून जमा. पुढच्या महिन्याचे भाडे आगाऊ दिले असते, तर घेणारा घरमालक ठरला असता आणि पूर्वदत्त भाडे खाते नावे झाले असते. खात्याचे नाव पाहून वर्ग ठरवायचा नाही. त्या नावामागे माणूस आहे, वस्तू आहे की खर्च, हे पाहायचे.

पण मशीनसारखी मोलाची वस्तू नावे आणि भाड्यासारखा हातचा गेलेला खर्चही नावे, हे कसे? उत्तर हिशोब बंद करताना मिळते. नामधारी खाती कायम राहत नाहीत. कागद, शाई आणि घसारा सध्या बाजूला ठेवू. उत्पन्न 15,000 आणि भाडे 4,000 नफा-तोटा खात्यात जातात, आणि उरलेला 11,000 रुपयांचा नफा बाईंच्या भांडवल खात्यात जमा होतो. म्हणजे भाडे खाते हे भांडवलाचेच एक तात्पुरते पान होते. खर्चाने दुकानाचे मालकाला असलेले देणे कमी होते, म्हणून नावे. उत्पन्नाने ते वाढते, म्हणून जमा. प्रत्येक खर्च थेट भांडवल खात्यात लिहिला असता तरी शेवटचा आकडा हाच आला असता, फक्त पैसा कशापायी गेला ते कळले नसते. तिसरा नियमही अखेर पहिल्याच्याच पोटातून निघतो.

आता शिल्लका मांडू. नावे बाजूला रोख 1,25,000 आणि मशीन 90,000, एकूण 2,15,000. जमा बाजूला भांडवल 1,61,000, विक्रेता 50,000, अदत्त भाडे 4,000, एकूण 2,15,000. पाच व्यवहार, तीन नियम, आणि दोन्ही बाजू रुपयाला रुपया जुळल्या.

मात्र दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशोब बरोबर, असे नाही. समजा मशीनच्या दुरुस्तीला 2,000 रुपये दिले आणि दुरुस्ती खात्याऐवजी मशीन खाते नावे केले. नावे एकदा, जमा एकदा. तेरीज बिनतक्रार जुळेल, आणि नफा 2,000 रुपयांनी फुगलेला दिसेल. बाजू कोणती हे नियम सांगतो, वर्ग कोणता हे तो सांगत नाही. त्या 2,000 रुपयांनी दुकानात टिकणारे नवे काही आले, की असलेलेच चालू राहिले, हे नोंद लिहिणाऱ्यालाच पावती वाचून ठरवावे लागते.