चार गुणांची आठ घरं

उन्हाळी परीक्षा तोंडावर आल्या की नागपुरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये भर दुपारीही बाकं भरलेली असतात. कूलरची घरघर चालू असते आणि टेबलांवर ८०८५ ची किट मांडलेली असतात. वहीत मात्र बहुतेकांनी एकच प्रश्न लिहून ठेवलेला असतो : ८२५५ चे ऑपरेटिंग मोड सांगा आणि कंट्रोल वर्डचा फॉरमॅट काढून समजवा. जुन्या प्रश्नपत्रिकांत तो इतक्यांदा भेटतो, की मुलं त्याचं उत्तर पाठच करतात. आठ चौकोनांची पट्टी, खाली बाण, बाणांपुढे नावं. पट्टी चुकत नाही. पण तीच पट्टी भरून एखादा आकडा काढायला सांगितला, की हात थबकतो.

८२५५ ही इंटेलची ४० पायांची चिप. प्रोसेसरच्या डेटा बसवरून सतत काही ना काही धावत असतं, त्यामुळे स्विच किंवा एलईडी त्या तारांना थेट जोडता येत नाहीत. मध्ये कुणीतरी आकडा धरून ठेवणारं लागतं. ८२५५ ते काम करते. तिच्या २४ तारा आठ-आठच्या तीन पोर्टांत वाटलेल्या आहेत : ए, बी आणि सी. यातलं सी मधोमध तुटतं. त्याच्या वरच्या चार तारा ए सोबत जाऊन गट ए होतो, खालच्या चार बी सोबत जाऊन गट बी. कंट्रोल वर्डची सगळी रचना या वाटणीवर उभी आहे, म्हणून उत्तराची सुरुवात इथूनच झालेली बरी. ज्याने आधी गट लिहिले, त्याला पुढची पट्टी आठवावी लागत नाही, ती आपोआप लिहिली जाते.

फळ्याजवळ उभ्या असलेल्या मॅडमनी एका मुलीला उदाहरण दिलं. पोर्ट ए ला आठ स्विच, पोर्ट बी ला आठ एलईडी, सी च्या वरच्या चार तारा आउटपुट, खालच्या चार इनपुट, सगळं साध्या मोड ० मध्ये. कंट्रोल वर्ड काढ.

मुलगी डावीकडून निघाली. डी७ मध्ये १, कारण हा मोड ठरवणारा शब्द आहे. डी६ आणि डी५ गट ए चा मोड सांगतात, मोड ० साठी दोन्ही शून्य. डी४ पोर्ट ए ची दिशा सांगतो आणि इथे १ म्हणजे इनपुट. (बरीच मुलं इथे उलटं धरतात.) डी३ वरच्या सी चा, तो आउटपुट म्हणून ०. मग गट बी : त्याच्या मोडला डी२ हे एकच घर, तिथे ०. डी१ पोर्ट बी चा, आउटपुट म्हणून ०. डी० खालच्या सी चा, इनपुट म्हणून १. पट्टी झाली `1001 0001`, म्हणजे `91H`.

“आता सांग, गट ए ला मोडसाठी दोन घरं आणि बी ला एकच का?” मॅडमनी विचारलं. उत्तर मोडांतच आहे. मोड २ म्हणजे एकाच पोर्टातून दोन्ही दिशांनी वाहतूक, आणि ती सोय फक्त पोर्ट ए ला आहे. ए ला तीन मोड, म्हणून दोन घरं. बी ला ० आणि १ एवढेच, म्हणून एक पुरतं. उत्तरपत्रिकेत हे एक वाक्य आलं, की मोड आणि फॉरमॅट हे प्रश्नाचे दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात.

किटवर ८२५५ चे पत्ते `80H` ते `83H` असतील, तर पहिले तीन ए, बी, सी चे आणि शेवटचा कंट्रोल रजिस्टरचा. पत्ते किटनुसार बदलतात, म्हणून पेपरात आपण कोणते धरले ते लिहावं लागतं. स्विचवरचं एलईडीवर दाखवणारा प्रोग्राम एवढाच :

```
      MVI A, 91H
      OUT 83H
AGAIN: IN 80H
      OUT 81H
      JMP AGAIN
```

पलीकडच्या टेबलावर हाच प्रोग्राम चालू होता, पण एलईडी नेहमीपेक्षा मंद दिसत होते. मुलाने आधी सप्लाय तपासला, मग केबल हलवून पाहिली. दोष प्रोग्रामात होता : त्याचं `AGAIN` पहिल्याच ओळीवर होतं. मोडचा शब्द कंट्रोल रजिस्टरमध्ये गेला, की आउटपुटचे लॅच शून्य होतात. दर फेरीत एलईडी विझत होते आणि `OUT 81H` ला पुन्हा लागत होते. अशी एक फेरी ४७ क्लॉकची, त्यातले सुमारे २० क्लॉक अंधाराचे. डोळ्याला लुकलुक कळत नाही, उजेड तेवढा कमी दिसतो. मोडचा शब्द सुरुवातीला एकदाच लिहायचा, हे त्या मंद दिव्यांनी दाखवलं.

मग पोर्ट सी ची एकच तार हलवायची वेळ आली. यासाठी बिट सेट-रिसेट हा दुसऱ्या प्रकारचा शब्द आहे. त्यात डी७ शून्य असतो, पुढच्या तीन घरांना अर्थ नसतो, डी३ ते डी१ मध्ये तारेचा क्रमांक आणि डी० मध्ये १ किंवा ०. पीसी७ वर एलईडी लावायचा, तर `0000 1111`, म्हणजे `0FH`. मुलाने `0FH` काढला आणि पाठवला `82H` ला, कारण तार पोर्ट सी ची.

“मॅडम, लागायच्या ऐवजी विझूनच राहिला ना हा!”

विझणारच होता. `82H` वर गेलेला `0FH` हा हुकूम राहत नाही, तो नुसता डेटा होतो, आणि त्याचे वरचे चार बिट शून्य आहेत. पीसी७ ला नेमकं ते शून्य मिळालं. तार सी ची असली तरी शब्द कंट्रोल रजिस्टरलाच, म्हणजे `83H` ला जातो. तिथे गेल्यावर फक्त पीसी७ बदलतो, बाकीच्या सात तारांना धक्का लागत नाही.

मोड १ पाठ करताना मुलं संकेतांची नावं घोकतात. त्यामागचं काम समजलं तर नावं जड जात नाहीत. समजा एखादं यंत्र पोर्ट ए ला डेटा देतंय. ते पीसी४ वरून एसटीबी देऊन सांगतं, की डेटा ठेवला. चिप पीसी५ वर आयबीएफ चढवून उत्तर देते : घेतला, अजून वाचला गेला नाही, पुढचा पाठवू नको. मग पीसी३ वरून प्रोसेसरला इंटरप्ट जातो. पोर्ट सी च्या तारा या देवाणघेवाणीत खर्ची पडतात. पीसी६ आणि पीसी७ तेवढ्या मोकळ्या राहतात आणि डी३ आता त्या दोघींचीच दिशा ठरवतो. त्या आउटपुट धरल्या, बी मोड ० मध्ये आउटपुट ठेवला आणि उरलेल्या खालच्या सी लाही तीच दिशा दिली, तर कंट्रोल वर्ड येतो `1011 0000`, म्हणजे `B0H`.

एवढं लिहूनही इंटरप्ट येत नाही. एसटीबी मिळतो, आयबीएफ चढतो, पीसी३ मात्र खालीच. चिपच्या आत इंटरप्टला परवानगी देणारा इंटे नावाचा फ्लिप-फ्लॉप आहे आणि मोडचा शब्द लिहिताना तो बंद होतो. पोर्ट ए इनपुट असताना तो उघडायची किल्ली पीसी४ च्याच क्रमांकावर ठेवलेली आहे : सेट-रिसेटचा शब्द `09H`, पुन्हा `83H` ला. पीसी४ वर त्या वेळी बाहेरचा एसटीबी येत असतो, त्या पायावर या शब्दाचा काही परिणाम होत नाही, आतला फ्लिप-फ्लॉप तेवढा बदलतो. पोर्ट ए आउटपुट असेल, तर हीच किल्ली पीसी६ वर सरकते आणि शब्द होतो `0DH`.