आठ वजीर आणि खुणांच्या तीन पट्ट्या

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर अशा तऱ्हेने ठेवायचे की एकाचाही दुसऱ्यावर मारा होता कामा नये. म्हणजे कोणतेही दोन वजीर एका आडव्या रांगेत, एका उभ्या स्तंभात किंवा एका तिरक्या रेषेत यायला नकोत. हे कोडे माक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने 1848 मध्ये मांडले. एखादी मांडणी चिकाटीने सापडते. अशा मांडण्या एकूण किती, हा प्रश्न मात्र अवघड निघाला. गणितज्ञ गाउस याच्या पत्रव्यवहारात 72 हा आकडा येतो. बरोबर उत्तर, म्हणजे 92, फ्रान्झ नाउक यांनी 1850 मध्ये प्रसिद्ध केले.

गाउसचा आकडा कमी पडला तरी त्याने वापरलेली युक्ती आजही कामाची आहे. दोन वजीर तिरक्या रेषेत आले की नाही, हे डोळ्यांनी न पाहता बेरजेने ठरवायचे, ही ती युक्ती. आज संगणकाच्या प्रोग्राममध्ये ज्या खुणांच्या पट्ट्या ठेवतात, त्यांचा पाया हाच.

रांगा वरून खाली 0 ते 7 आणि स्तंभ डावीकडून उजवीकडे 0 ते 7 मोजू. रांगेचा क्रमांक r, स्तंभाचा c. डावीकडून उजवीकडे वर चढणाऱ्या कोणत्याही तिरक्या रेषेवर एक घर उजवीकडे सरकले की c एकाने वाढतो आणि r एकाने घटतो. त्यामुळे त्या रेषेवरच्या प्रत्येक घराची r+c ही बेरीज सारखीच राहते. खाली उतरणाऱ्या रेषेवर दोन्ही एकदम वाढतात, म्हणून तिथे r-c ही वजाबाकी कायम असते. प्रत्येक तिरक्या रेषेला असा स्वतःचा क्रमांक मिळतो. आठ घरांच्या पटावर चढत्या रेषा 15, उतरत्याही 15.

आता तीन पट्ट्या घ्यायच्या: एक स्तंभांची, एक चढत्या रेषांची, एक उतरत्या रेषांची. वजीर ठेवला की त्याचा स्तंभ आणि त्याच्या दोन रेषा, अशा तीन ठिकाणी खूण करायची. नवे घर चालेल का, हे पाहायला आधीचे सगळे वजीर तपासण्याची गरज उरत नाही. तीन खुणा पाहिल्या की झाले, मग पटावर एक वजीर असो की सात. रांगेसाठी चौथी पट्टी लागत नाही, कारण आपण प्रत्येक रांगेत एकच वजीर ठेवत खाली उतरतो.

चार घरांच्या छोट्या पटावर हे करून पाहू. पहिला वजीर 0 रांगेत, 0 स्तंभात. बेरीज 0, वजाबाकी 0. पुढच्या रांगेत स्तंभ 0 अडलेला आहे आणि स्तंभ 1 ची वजाबाकी पुन्हा 0 येते, म्हणून तोही अडला. स्तंभ 2 मोकळा: बेरीज 3, वजाबाकी -1. तिथे वजीर ठेवला. तिसऱ्या रांगेत स्तंभ 0 आणि 2 घेतलेले आहेत, स्तंभ 1 ची बेरीज 3 येते, स्तंभ 3 ची वजाबाकी -1. चारही घरे बंद. मग एक पाऊल मागे यायचे, दुसरा वजीर उचलायचा, त्याच्या तिन्ही खुणा पुसायच्या आणि त्याला स्तंभ 3 मध्ये न्यायचे. आता तिसऱ्या रांगेत स्तंभ 1 मिळतो, पण चौथ्या रांगेत एकही जागा उरत नाही. म्हणजे कोपऱ्यापासून सुरुवात केली तर रस्ताच नाही. पहिला वजीर स्तंभ 1 मध्ये नेला की मात्र पुढचे तिघे 3, 0, 2 असे सरळ बसत जातात. ही पहिली मांडणी. दुसरी तिचीच आरशातली प्रतिमा: 2, 0, 3, 1. चार घरांचे उत्तर 2.

पायथॉन भाषेत हेच काम एवढ्या ओळींत होते:

```
n = 8
stambh = [False] * n
chadhti = [False] * (2*n - 1)
utarti = [False] * (2*n - 1)

def moja(r):
    if r == n:
        return 1
    ekun = 0
    for c in range(n):
        a, b = r + c, r - c + n - 1
        if stambh[c] or chadhti[a] or utarti[b]:
            continue
        stambh[c] = chadhti[a] = utarti[b] = True
        ekun += moja(r + 1)
        stambh[c] = chadhti[a] = utarti[b] = False
    return ekun

print(moja(0))
```

वजाबाकीत n-1 मिळवले आहे ते ऋण संख्या टाळण्यासाठी. पायथॉनमध्ये ते विसरले तरी या लांबीच्या पट्टीवर उत्तर बरोबरच येते, कारण ती भाषा ऋण क्रमांक पट्टीच्या शेवटाकडून मोजते आणि योगायोगाने दोन रेषा एका जागेवर येत नाहीत. सी भाषेत तोच विसरभोळेपणा पट्टीच्या बाहेरच्या स्मृतीत खुणा करून ठेवतो, आणि मग काय बिघडेल ते सांगता येत नाही. अपघाताने चालणाऱ्या प्रोग्रामवर विसंबू नये, ते याचसाठी.

खरी गोम आहे खुणा पुसण्याच्या ओळीत. ती गाळली तर सोडून दिलेल्या वाटांच्या खुणा पटावर साचत जातात आणि मोकळी घरेही अडलेली दिसू लागतात. प्रोग्राम बंद पडत नाही, तक्रार करत नाही, फक्त मांडण्या कमी मोजतो. त्यातही फसवी गोष्ट अशी की 1, 2 आणि 3 घरांच्या पटांची खरी उत्तरे 1, 0 आणि 0 अशी आहेत, आणि चुकलेला प्रोग्रामही नेमकी तीच देतो. चार घरांवर मात्र 2 ऐवजी 0 येते आणि चूक उघडी पडते. तेव्हा पडताळणी पुढपर्यंत करावी: 4 पासून 8 घरांपर्यंतची उत्तरे 2, 10, 4, 40, 92. यात 6 घरांना 5 घरांपेक्षा कमी मांडण्या आहेत, ही छपाईची चूक नव्हे.

या पद्धतीने किती श्रम वाचतात? आठ वजीर 64 घरांत कुठेही ठेवायचे म्हटले तर 4,42,61,65,368 प्रकार होतात. रांगेगणिक एक वजीर ठेवून, अडलेल्या वाटा वेळीच सोडत गेले तर वजीर ठेवण्याची वेळ एकंदर 2,056 वेळाच येते आणि घरांची तपासणी 15,720 वेळा. एवढे काम साधा संगणक निमिषात उरकतो. निक्लाउस विर्त यांनी 1971 च्या आपल्या लेखात प्रोग्राम टप्प्याटप्प्याने कसा घडवावा हे दाखवायला हेच कोडे घेतले होते, आणि तिथेही खुणांच्या अशाच तीन पट्ट्या होत्या.

आरशाचा फायदा घेतला तर निम्मे काम आणखी वाचते. आठ घरांच्या पटावर पहिला वजीर 0, 1, 2, 3 या स्तंभांत असताना अनुक्रमे 4, 8, 16 आणि 18 मांडण्या मिळतात. त्यांची बेरीज 46, आणि उजव्या अर्ध्यात त्याच उलट क्रमाने येतात, म्हणून दुप्पट केले की 92.

पट वाढला की मात्र अशा काटकसरीचा फार उपयोग होत नाही. दहा घरांना 724, बारांना 14,200 आणि सोळांना 1,47,72,512 मांडण्या आहेत. यातली एखादी मांडणी हवी असेल तर कितीही मोठ्या पटासाठी ती थेट लिहून काढण्याची रीत ठाऊक आहे. सगळ्या मोजायच्या तर मोजण्याचे झटपट सूत्र आजवर कोणाला सापडलेले नाही. 27 घरांच्या पटाची मोजणी ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या चमूने खास जुळवलेल्या चिपांवर 2016 मध्ये पूर्ण केली, आणि उत्तर आले 2,34,90,79,67,15,41,22,528.