गिऱ्हाईक आलं कुठून?

फ्रिजच्या दुकानात काउंटरपाशी तासभर बसलं की एक दृश्य हमखास दिसतं. नवरा-बायको येतात आणि फोनमधला स्क्रीनशॉट दाखवून विचारतात, "हे मॉडेल आहे का?" वीस मिनिटांत बिल होतं. सेल्समन विचारतो, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" उत्तर येतं, "इथेच तर राहतो आम्ही, बोर्ड रोज दिसतो." खोटं कुणीच बोलत नसतं. पण आठवडाभर रात्री पाहिलेले व्हिडिओ, वाचलेले अभिप्राय, मध्येच दिसलेली दुकानाची जाहिरात, यातलं काहीच त्या उत्तरात येत नाही. दुकानदार मात्र त्या जाहिरातीचे पैसे दर महिन्याला भरत असतो.

हा तुटलेला धागा सांधायचा रूढ मार्ग म्हणजे बिलावरचा मोबाइल नंबर. जाहिरात कंपनीकडेही गिऱ्हाइकाचा नंबर असतो. दुकान आपली यादी SHA-256 नावाच्या पद्धतीने सांकेतिक अक्षरांत बदलून पाठवतं, कंपनी आपल्या यादीशी ती ताडून पाहते आणि 'या बिलांपैकी इतकी माणसं तुमच्या जाहिरातीवरून आली' असा अहवाल देते. इथे बारीकसारीक गोष्टी घात करतात. एके ठिकाणी नंबर +91 लावून आणि दुसरीकडे न लावता लिहिला, तर दोन्हींचे संकेत पूर्ण वेगळे होतात आणि जोडी जुळत नाही. शोध बायकोच्या फोनवर झाला आणि बिलाला नवऱ्याचा नंबर दिला, तरी तेच.

या चुका निस्तरता येतात. खरी अडचण पुढची आहे. जोडी जुळली म्हणजे जाहिरातीमुळे खरेदी झाली, असं होत नाही. जाहिरात कंपनी ज्यांचा कल खरेदीकडे आहे अशांनाच हेरून जाहिरात दाखवते. त्यातले कितीतरी जण एरवीही आलेच असते.

यावर 2007 साली अमेरिकेत झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. रँडल लुइस आणि डेव्हिड रायली या अर्थतज्ज्ञांनी याहूचे वापरकर्ते आणि एका मोठ्या दुकानसाखळीचे ग्राहक यांची नावं-पत्ते जुळवले. सुमारे 16 लाख माणसं जुळली. त्यातल्या 81 टक्के लोकांना जाहिरातीसाठी निवडलं, उरलेल्यांपासून ती मुद्दाम लपवली. ही वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. विक्री सुमारे 5 टक्क्यांनी वाढली आणि त्या वाढीतला 93 टक्के भाग दुकानांतल्या खरेदीचा होता. वाढीचा 78 टक्के भाग तर जाहिरातीवर एकदाही क्लिक न केलेल्यांकडून आला. क्लिक मोजून हिशेब करणाऱ्याला हे दिसलंच नसतं.

त्याहून डोळे उघडणारी गोष्ट म्हणजे, जाहिरात पाहिलेल्यांची आणि न पाहिलेल्यांची नुसती तुलना केली असती, तर जाहिरातीमुळे विक्री घटली असा निष्कर्ष निघाला असता. कारण याहूवर जास्त वेळ घालवणारी माणसं त्या दुकानांत आधीपासूनच कमी खरेदी करत होती.

अशा चिठ्ठ्या लहान दुकानदाराला टाकता येत नाहीत. पण पाच-सहा गावांत शाखा असतील तर गावं वाटून घेता येतात. समजा, तीन गावांत जाहिरात चालू ठेवली, तीन गावांत चार आठवडे बंद केली. चालू गावांची विक्री आधीच्या चार आठवड्यांइतकीच राहिली. बंद गावांची 60 लाखांवरून 57 लाखांवर आली. म्हणजे त्या तीन गावांत जाहिरात 3 लाखांची विक्री आणत होती. फ्रिज-टीव्हीवर 10 टक्के सुटत असतील, तर हाती 30 हजार आले. जाहिरातीचा खर्च 50 हजार असेल, तर गणित तोट्याचं. आणि गंमत अशी की त्याच काळात कंपनीचा अहवाल 15 लाखांची विक्री आपल्या नावावर लावत असू शकतो.

या हिशेबावर विश्वास ठेवण्याआधी एक काम करावं. जुन्या वह्यांतला असा महिना घ्यावा, ज्यात सहाही गावांत जाहिरात चालू होती, आणि गावांच्या त्याच दोन गटांची अशीच तुलना करावी. तिथेही 5 टक्क्यांचा फरक निघाला, तर आपले 3 लाख हा गावोगावचा नेहमीचा चढउतार असू शकतो. मग आठवडे वाढवावे लागतात. पाडवा-दिवाळीचे दिवस तर दोन्ही बाजूंनी टाळलेलेच बरे; त्या गर्दीत जाहिरातीचा 5 टक्क्यांचा परिणाम सापडत नाही.

आणि चाचणी चालू असताना एखाद्या बंद गावात शेजारी नवं दुकान उघडलं, तर ते गाव हिशेबातून काढावं लागतं. विक्री घटली ती जाहिरात थांबल्यामुळे की शेजाऱ्यामुळे, हे त्या गावाच्या बिलांतून मग कळत नाही.