परत आलेली साडी आपलीच की दुसरी?

ऑनलाइन विकलेला माल विक्रेत्याकडे दोन वाटांनी परत येतो. ग्राहक घरी नव्हता किंवा त्याने पार्सल घेतलेच नाही, तर ते न उघडता माघारी फिरते. विक्रेते त्याला ‘आरटीओ’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात ग्राहक माल घेतो, काही दिवस ठेवतो आणि मग ‘रिटर्न’ टाकतो. फसवणूक मुख्यतः या दुसऱ्या वाटेने होते. तिचे दोन प्रकार आहेत: वापरून झालेली वस्तू नवी म्हणून परत करणे आणि चांगली वस्तू ठेवून घेऊन भलतीच पाठवणे.

परतावा सरसकट बंद करणे हा यावरचा उपाय नाही. ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. बहुतेक ग्राहक प्रामाणिकपणे परत करतात आणि हा हक्क त्यांच्यासाठी आहे. अडचण येते ती खरे-खोटे ठरवताना. ग्राहकाला ‘चुकीची वस्तू आली’ एवढा पर्याय निवडला तरी चालतो, पण योग्य वस्तू पाठवली होती हे विक्रेत्याला दाखवून द्यावे लागते. तो पुरावा माल परत आल्यावर तयार करता येत नाही. तो माल पाठवतानाच तयार करून ठेवावा लागतो.

हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. येवल्यातील एक विक्रेती एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर रेशमी साड्या विकते. एका साडीची किंमत 4,200 रुपये आहे. विणकराला 3,300 रुपये दिले, कमिशन, पॅकिंग आणि इतर खर्च वजा केला, की तिच्या हाती सुमारे 500 रुपये उरतात. पाठवलेली एक साडी आठवड्याभराने परत येते. खोके तेच असते, पण आत त्याच रंगाची पॉलिस्टरची साडी निघते. ग्राहकाचे पैसे तोवर परत गेलेले असतात. साडीचे 3,300 रुपये आणि परतीच्या वाहतुकीचे सुमारे 200 रुपये धरले, तर 3,500 रुपयांचा फटका बसतो. म्हणजे सात साड्यांचा नफा एका पार्सलात गेला. छोट्या विक्रेत्याला हा फटका का झेपत नाही, ते या हिशेबावरून कळते.

आता समजा, तिने साडी पाठवताना व्हिडिओ काढला होता. तो उपयोगी ठरायचा तर मध्ये कुठेही न थांबता, न कापता, एकाच दमात काढलेला हवा. आधी पार्सलवर लागणारे लेबल आणि त्यावरचा एडब्ल्यूबी क्रमांक वाचता येईल इतका जवळून दिसावा. मग साडी उलगडून पदर, काठ आणि ब्लाउजपीस दाखवावे. त्यानंतर साडी पिशवीत जाताना, टेप लागताना आणि लेबल चिकटताना दिसावे, आणि शेवटी बंद पार्सल वजनकाट्यावर ठेवून आकडा दाखवावा. नुसता खोक्याचा फोटो किंवा लेबल न दिसणारा व्हिडिओ दाव्यात टिकत नाही, कारण ती साडी याच ऑर्डरची होती हे त्यावरून सिद्ध होत नाही.

वजनाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जाताना पार्सल 780 ग्रॅम भरले आणि परत आले तेव्हा 460 ग्रॅम, तर आतला माल बदलला किंवा कमी झाला हे उघड आहे. अशा वेळी उघडण्याआधीच काट्यावरचा आकडा व्हिडिओत घ्यावा. वजन जुळले म्हणून माल तोच आहे असे मात्र होत नाही. सारख्याच वजनाची दुसरी साडी मिळणे अवघड नाही.

म्हणून प्रत्येक नगाला स्वतःची खूण हवी. मोबाइल आणि विजेच्या वस्तूंवर अनुक्रमांक असतोच. तो बिलावर छापावा आणि व्हिडिओत वाचता येईल असा दाखवावा. साडीला असा क्रमांक नसतो. तिच्या आतल्या टोकाला, निऱ्यांआधी कमरेत खोचल्या जाणाऱ्या भागात, ठरावीक रंगाच्या धाग्याचे दोन-तीन बारीक टाके घालता येतात आणि त्यांचा रंग व जागा वहीत ऑर्डर क्रमांकासमोर लिहिता येते. ही खूण ग्राहकाला सांगायची नसते. याशिवाय क्रमांक असलेले प्लास्टिकचे लॉक-टॅग पदराच्या दर्शनी भागात ओवावे. ते आतल्या टोकाला लावले तर साडी नेसली तरी दिसत नाही. पदरावर असले, तर ते कापल्याशिवाय समारंभात मिरवता येत नाही.

वापरलेली साडी ओळखणे हे बदललेली ओळखण्यापेक्षा किचकट काम आहे, कारण इथे माल आपलाच असतो. साडी उजेडात धरून खांद्याच्या जागी पिनेची छिद्रे पाहावीत. निऱ्यांच्या पट्ट्यात दाबून बसलेल्या उभ्या घड्या आणि खालच्या काठाला धुळीची रेघ दिसते. फॉल लावून उसवला असेल, तर काठालगत सुईच्या छिद्रांची सरळ ओळ राहते. अत्तराचा, घामाचा वास येतो. शेवटी टेपने साडी मोजावी. ब्लाउजपीस कापून घेतला असेल तर लांबीत सुमारे पाऊण मीटर कमी भरते. या खुणांचे जवळून फोटो काढावेत. काही तासच नेसून नीट घडी केलेली साडी मात्र कधी कधी यातूनही निसटते.

पार्सल परत येते तेव्हा कुरिअरवाल्यासमोरच टेप आणि लेबल पाहावे. सील तुटलेले असेल तर पावतीवर तसा शेरा लिहून मगच सही करावी. त्यानंतर सहाही बाजू, परतीचे लेबल, वजन, कापणे आणि आतली वस्तू असा न थांबवता व्हिडिओ काढावा. मग बाजारपेठेकडे दावा दाखल करावा. ॲमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ. दाव्याचा मजकूर थोडका आणि कोरडा असावा: जाताना काय होते, आले काय, वजनात फरक किती, कोणत्या मिनिटाला काय दिसते. ‘ग्राहक चोर आहे’ असे लिहू नये. अदलाबदल वाटेतल्या गोदामातही झालेली असू शकते, आणि ग्राहकाने दोन साड्या मागवून चुकून दुसरीच परत केलेली असू शकते. काय घडले एवढेच मांडले तर या सर्व शक्यतांत दावा उभा राहतो. दावा फेटाळला, तर त्याच क्रमांकावर फेरविचार मागावा आणि सुटलेला पुरावा जोडावा. जाणूनबुजून केलेली फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे. रक्कम मोठी असेल किंवा तोच ग्राहक पुन्हा पुन्हा असे करत असेल, तर पोलिसांत तक्रार करता येते. तेव्हाही हेच व्हिडिओ कामी येतात, म्हणून ते मोबाइलमधून लगेच पुसून टाकू नयेत.

व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर थेट विकणाऱ्याकडे दावा करायला बाजारपेठ नसते, पण पैसे त्याच्याच हातात असतात. त्याने अटी विक्रीआधी लिहून कळवाव्यात: टॅग काढलेला माल केवळ पसंत नाही म्हणून परत घेतला जाणार नाही, दोषाची तक्रार असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवावा, आणि परत आलेला माल तपासल्यावर रक्कम दिली जाईल. त्या बिलावरही छापाव्यात. माल खरोखरच सदोष निघाला, तर अशी अट कायद्यापुढे टिकत नाही. तिथे पैसे परत करावेच लागतात.

दाव्याची मुदत प्रत्येक बाजारपेठेवर वेगळी असते, ग्राहकाच्या परताव्याची आणि आरटीओची मुदतही सारखी नसते, आणि ती पार्सल विक्रेत्याला पोहोचल्याची नोंद झाली की सुरू होते. त्यामुळे परत आलेले पार्सल दुकानाच्या कोपऱ्यात साठवू नये. ज्या दिवशी येईल त्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर उघडावे.