सॉफ्टवेअर करारातील भरपाईची कमाल मर्यादा

मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावातील एखादी पतसंस्था हिशेबासाठी सॉफ्टवेअर घेते, तेव्हा करारात बहुधा असे एक कलम असते की, पुरवठादाराचे एकूण दायित्व, म्हणजे त्याच्यावर येऊ शकणारी भरपाईची सर्व जबाबदारी, दावा उद्भवण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत मिळालेल्या शुल्कापुरती मर्यादित राहील. शुल्कावर घासाघीस करणारे संचालक मंडळ हे कलम बहुधा वाचूनही सोडून देते, कारण त्यातला आकडा उघड लिहिलेला नसतो. तो नुकसान झाल्यानंतरच कळतो.

उदाहरणादाखल असे धरू की शुल्क दरमहा 5,000 रुपये, म्हणजे वर्षाला 60,000 रुपये आहे, आणि सॉफ्टवेअरमधील चुकीच्या व्याजदरामुळे ठेवीदारांना 4 लाख रुपये जादा व्याज दिले गेले. त्यांपैकी दीड लाख खात्यांतून परत वळते करता आले, अडीच लाख बुडाले आणि सर्व खाती पुन्हा तपासण्यासाठी लेखापरीक्षकाला 80,000 रुपये द्यावे लागले, तर नुकसान 3 लाख 30 हजारांचे होते आणि मर्यादा 60,000 रुपयांची राहते. चूक कराराच्या चौथ्या महिन्याच्या आरंभीच उघडकीस आली, तर तोवर मिळालेले शुल्क 15,000 रुपयेच असल्याने मर्यादाही तेवढीच उरते. आणि दोष बहुधा सॉफ्टवेअर नवे असताना, जुनी खाती त्यात उतरवतानाच घडतात. शिवाय ‘अप्रत्यक्ष नुकसान’ वगळणारे जोडकलम असेल, तर लेखापरीक्षणाचा खर्चही त्यातच मोडतो, असा वाद पुरवठादार उपस्थित करू शकतो.

असे कलम भारतीय न्यायालयात टिकते का, याचे उत्तर पतसंस्थेला फारसे दिलासा देणारे नाही. भारती निटिंग कंपनीने 1990 साली जर्मनीला पाठवलेली कागदपत्रे डीएचएल कुरिअरकडून पोहोचली नाहीत, तेव्हा पावतीवरील 100 डॉलरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मान्य केली, कारण सही करणारा पक्ष सामान्यतः अटींनी बांधला जातो. सौदाशक्ती अगदी विषम असेल तर अन्यायकारक अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकते, हे तत्त्व 1986 च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात मांडले गेले खरे. पण ते व्यापाऱ्यांमधील व्यवहारांना सहसा लागू होणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली राज्य आणि राष्ट्रीय आयोग अनुचित कराराच्या अटी रद्दबातल ठरवू शकतात, मात्र व्यापारी हेतूने सेवा घेणारा सर्वसाधारणपणे त्या कायद्यातील ग्राहक ठरत नाही. फसवणूक करणाऱ्याला मात्र मर्यादेच्या आड लपता येत नाही.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळे आहे, कारण तेथे 1977 च्या कायद्याने अशा कलमांना वाजवीपणाची कसोटी लावली. सेंट अल्बन्स नगर परिषदेला आयसीएल कंपनीच्या सॉफ्टवेअरने लोकसंख्या 2,966 ने जास्त दाखवली, त्यामुळे दरडोई कर कमी आकारला गेला आणि परिषदेने 13 लाख पौंडांहून अधिक नुकसानीचा दावा केला. करारातील मर्यादा एक लाख पौंडांची होती. ती न्यायालयाने अवाजवी ठरवली, आणि त्यामागील एक कारण असे की कंपनीकडे 5 कोटी पौंडांचा विमा होता, म्हणजे धोका पेलण्याची ऐपत तिच्याकडे होती. पुढे 1996 मध्ये अपील न्यायालयाने, करदात्यांकडून परत वसूल होऊ शकणारी रक्कम वजा करून भरपाई कमी केली; वरील उदाहरणात वळते झालेले दीड लाख रुपयेही याच न्यायाने दाव्यातून वगळले जातील. भारतीय विधि आयोगाने 2006 च्या 199 व्या अहवालात अन्यायकारक अटींसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली होती, पण तो झाला नाही, आणि ही उणीव लहान संस्थांना सर्वाधिक भोवते.

मर्यादा दोन पक्षांपुरतीच असते, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. अशा प्रसंगी बँकेच्या तंत्रज्ञान-करारात काहीही लिहिलेले असले तरी ते ठेवीदाराला लागू होत नाही. उलट सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, बँकेच्या त्रुटीमुळे झालेल्या अनधिकृत व्यवहारात ग्राहकाचे दायित्व शून्य असते. परिणामी ग्राहकाला द्यायची रक्कम आणि पुरवठादाराकडून मिळणारी रक्कम यांतील संपूर्ण फरक मधल्या संस्थेला सोसावा लागतो.

म्हणून शुल्कावर वाद घालण्यापेक्षा कलमाची भाषा बदलून घेणे अधिक मोलाचे ठरते. ‘बारा महिन्यांचे शुल्क किंवा ठरावीक रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते’ असे लिहून घेतले, तर पहिल्या महिन्यांतील धोका झाकला जातो. खात्यांची माहिती फुटणे किंवा नष्ट होणे यासाठी वेगळी, मोठी मर्यादा आणि तिच्याइतका पुरवठादाराचा विमा मागता येतो. आणि चुकीमुळे करावे लागणारे फेरलेखापरीक्षण हे थेट नुकसान समजले जाईल, असे एक वाक्य घातले की तो वाद उरत नाही. पुरवठादार याबदल्यात शुल्क वाढवून मागेल, आणि ती वाढ विम्याच्या खर्चाइतकी असेल तर ती देणे रास्त आहे.