नोंदवहीत न दिसणारे रुग्ण

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन संपली, की रुग्णाच्या हातात चिठ्ठी पडते आणि गोळी बाहेरून घ्यायला सांगितले जाते. त्या दिवशी साठा नोंदवहीत वाटपाच्या रकान्यात शून्य लिहिले जाते. पुढे खरेदीचा अंदाज बांधताना हे शून्य ‘आज कुणाला गोळी लागली नाही’ असे वाचले जाते आणि रिकाम्या हाताने परतलेली माणसे हिशेबातून गळतात.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते, म्हणून रुग्णाला एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या देणे अपेक्षित असते. गोळ्या किती लागतील हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरते मागच्या वाटपावरून.

समजा, एका केंद्राने सहा महिन्यांत 12,000 गोळ्या वाटल्या. सरसकट भागाकार केला तर महिन्याला 2,000 येतात. पण नोंदवही नीट पाहिली तर या काळात 61 दिवस साठा शून्य होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने. औषध व्यवस्थापनात यासाठी एक साधे सूत्र वापरतात: साठा नसलेल्या दिवसांना 30.5ने भागून त्यांचे महिने करायचे, ते एकूण महिन्यांतून वजा करायचे आणि उरलेल्या महिन्यांनी वाटपाला भागायचे. इथे सहातून दोन गेले, चार उरले. खरी गरज निघते महिन्याला 3,000.

पहिल्याच आकड्यावर विसंबून पुढच्या सहा महिन्यांसाठी पुन्हा 12,000 गोळ्या मागवल्या, तर महिन्याला 3,000 या वेगाने त्या चार महिन्यांत संपतील. उरलेले दोन महिने कपाट रिकामे राहील. वर्षअखेरीस नोंदवहीत पुन्हा 12,000च दिसतील आणि अंदाज अगदी बरोबर आला असे वाटेल. तुटवडा स्वतःचाच पुरावा तयार करतो, म्हणून तो वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेत येत नाही.

या सूत्रामागे एक गृहीतक आहे: साठा नसलेल्या दिवसांतली गरज इतर दिवसांसारखीच होती. रक्तदाबाच्या गोळीला ते बऱ्यापैकी लागू पडते. जुलाबावरच्या ओआरएसला ते लागू पडत नाही, कारण पाकिटे बहुधा गरज वाढते तेव्हाच संपतात. एका केंद्राने एप्रिल-मे मिळून 400 पाकिटे दिली आणि जूनच्या सुरुवातीलाच साठा संपला असे धरू. मागच्या दोन महिन्यांच्या सरासरीने जूनची गरज 200 येते. मात्र शेजारच्या केंद्रात पाकिटे कधीच संपली नव्हती. तिथे एप्रिल-मे मिळून 600 आणि एकट्या जूनमध्ये 600 गेली. दोन्ही गावांचे पाणी आणि हवामान सारखे असेल, तर पहिल्या केंद्राची जूनची गरज 400च्या आसपास धरणे योग्य. शेजारी असे केंद्र नसेल, तर साठा पुरलेल्या मागच्या वर्षांचा जून पाहावा.

आणखी एक फसगत साठा संपण्याच्या आधीच होते. गोळ्या कमी उरल्या की औषध निर्माण अधिकारी सर्वांना थोड्या तरी मिळाव्यात म्हणून तीसऐवजी दहाच देतात. साठा शून्य नसल्याने हे दिवस सूत्रात वजा होत नाहीत, तरी वाटप गरजेपेक्षा कमीच असते. हे ओळखायला दर रुग्णामागे किती गोळ्या गेल्या ते पाहावे. तो आकडा तीसवरून एकदम खाली आला असेल, तर तेही दिवस तुटवड्यातच धरायला हवेत.

एक गोळी नसताना तिच्याऐवजी दुसरी दिली गेली, तर दुसरीचे वाटप फुगते. तेव्हा दोन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो. आणि निम्म्याहून अधिक काळ साठाच नसेल, तर उरलेल्या मोजक्या दिवसांवरून काढलेली सरासरी भरवशाची नसते. अशा वेळी नोंदणी झालेल्या रुग्णांच्या संख्येवरून गरज काढणे बरे. लांबलेल्या तुटवड्यात काही रुग्ण खासगी दुकानाकडे वळतात, काहींचे औषधच सुटते. साठा परत आल्यावरही ते सगळे केंद्रात परत येतील असे नाही, म्हणून दुरुस्त केलेला आकडाही खऱ्या गरजेपेक्षा कमी असू शकतो.

यातले कोणतेही गणित नोंदीशिवाय होत नाही. औषध संपल्याची तारीख, ते परत आल्याची तारीख आणि मधल्या काळात औषधाविना परत गेलेल्यांची संख्या, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक केंद्राने लिहून ठेवाव्यात आणि पुढच्या मागणीपत्रासोबत वर पाठवाव्यात.